आधी नारळ, मग बाळ

धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची लेक अकरा दिवसांची झाली आणि दुसऱ्या दिवशी बारसं होतं. त्याआधी घरच्या घरी चार फोटो काढायचे ठरले. मी लग्नामुंजींचे फोटो काढते, त्यामुळे काम माझ्याकडेच आलं. बहिणीने मोबाइलवर नमुने काढून ठेवले होते. एका फोटोत बाळ दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून झोपलेलं, दुसऱ्यात झाडाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत. आईने चष्मा लावून दोन्ही पाहिले आणि एकच विचारलं, "अगं, मान कोणी धरलीय?"

प्रश्न अगदी नेमका होता. हनुवटीवाल्या फोटोत मान खरोखरच कोणीतरी धरलेली असते. आधी मदतनीस बाळाचं डोकं धरतो आणि एक फोटो निघतो. मग तो बाळाची मनगटं धरतो, दुसरा फोटो निघतो. नंतर संगणकावर दोन्ही फोटो जोडून मदतनिसाची बोटं पुसून टाकतात. झोळीचंही तसंच. नीट काम करणाऱ्याकडे बाळ जमिनीवरच्या गादीवर असतं आणि फांदी नंतर जोडलेली असते. नव्वदच्या दशकात अ‍ॅन गेडिस या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकर्तीची फुलांच्या कुंड्यांतली, कोबीच्या पानांतली बाळं जगभर कॅलेंडरांवर गेली आणि तशा फोटोंची हौस पसरली. फोटोमागचे मदतीचे हात मात्र कॅलेंडरवर दिसत नव्हते. घरी बघून बघून तसं करायला जाणाऱ्याला ते माहीतच नसतात.

म्हणून मी बहिणीला सांगितलं की आपण एकच गोष्ट पाळायची. बाळाने फोटोसाठी काहीही करायचं नाही. ते पाठीवर, गादीवर, जसं रोज असतं तसं राहील. फिरवायची ती गादी, फिरायचं ते मी. लग्नात मी माणसांना "जरा इकडे वळा" म्हणते, इथे वळायचं आपण.

शेंडीची सावली

बाळ आत झोपलेलं असताना मी देवघरातला नारळ मागून घेतला. आईला वाटलं, दृष्ट काढायची आहे. मी दुपट्याची वळकटी करून तिच्या एका टोकाला नारळ ठेवला, शेंडी वर. झालं बाळ. वळकटी म्हणजे अंग, नारळ म्हणजे डोकं, शेंडी म्हणजे नाक. उजेडाची सगळी चाचपणी या नारळावर करून घ्यायची, म्हणजे खरं बाळ आलं की त्याला पंधरा मिनिटांच्या वर थांबवावं लागत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. फ्लॅटमधल्या बहुतेक खिडक्यांची कड जमिनीपासून तीन फुटांवर असते. अशा खिडकीखाली गादी टाकली, तर उजेड वरून निघून जातो आणि गादी भिंतीच्या सावलीत राहते. मग लोक बाळाला टेबलावर नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात, आणि तिथूनच पडण्याचा धोका सुरू होतो. यावर सोपा उपाय म्हणजे गॅलरीचं काचेचं सरकतं दार. ते जमिनीपर्यंत असतं, त्यामुळे गादी जमिनीवर राहूनही उजेड पुरेसा मिळतो. जुन्या घरात पडवीकडे उघडणारा दरवाजा हेच काम करतो. तसं दार नसेल तर खिडकीजवळचा मोठा पलंग घ्यावा, बाळ मधोमध ठेवावं आणि एक माणूस कडेला बसवावा.

आमची गॅलरी पूर्वेला. सकाळी नऊ वाजता ऊन थेट गादीवर येत होतं आणि गॅलरीच्या गजांच्या रेघा नारळावर उमटल्या होत्या. शेंडीची सावली सुरीने कापल्यासारखी काळी. असा उजेड अकरा दिवसांच्या चेहऱ्यावर पडला तर बाळ डोळे मिटून कपाळाला आठ्या घालतं, आणि त्या नाजूक कातडीला काचेतून आलेलं ऊनही तापतं. मी पडद्याच्या दांडीला वडिलांचं पांढरं धोतर अडकवलं. लगेच रेघा गेल्या, सावलीची कड विरघळली. पण गादीला हात लावला तर ती गरम लागत होती. म्हणून थांबायचं ठरवलं. साडेदहा-अकराला ऊन दारातून सरकलं, फक्त आकाशाचा उजेड उरला आणि धोतराचीही गरज राहिली नाही. ज्या वेळी दारातून ऊन नाही पण उजेड आहे, ती आपल्या घरची वेळ. उत्तरेच्या दाराला ती जवळजवळ दिवसभर असते, पश्चिमेच्या दाराला सकाळी. पावसाळ्यात ढगाळ दिवशी तर ढगच धोतराचं काम करतात.

दुसरा प्रश्न दिशेचा. दार म्हणजे घड्याळातले बारा असं धरा आणि गादी काट्यासारखी फिरवून पाहा. वळकटीचे पाय दाराकडे आणि नारळ आत, असं ठेवलं तर शेंडीची सावली कपाळाकडे जाते. माणसात याचा अर्थ असा, की उजेड नाकपुड्यांत शिरतो आणि हनुवटीखालून चेहरा उजळतो. लहानपणी आपण हनुवटीखाली बॅटरी धरून भूत व्हायचो, तोच हा उजेड. घरच्या फोटोंत बाळ विचित्र दिसतं त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की पाय खिडकीकडे होते.

आता उलट करा, डोकं दाराकडे आणि पाय आत. सावली हनुवटीकडे पडते आणि चेहरा ओळखीचा होतो, कारण सूर्याखाली आपण माणसं तशीच पाहत आलो आहोत. त्यातही डोकं बरोब्बर बारावर न ठेवता दहावर किंवा दोनवर आणलं, तर नाकाची लहानशी सावली ओठाच्या कोपऱ्याकडे जाते. एक गाल उजळ, दुसरा किंचित मऊ अंधारात. गालाचा गोलवा आणि कपाळावरची लव अशा उजेडातच दिसते. नारळावर शेंडीची सावली तिरपी, आखूड आणि कडेला धूसर झाली की गादी तिथेच ठेवायची.

तिसरा प्रश्न अंतराचा. दाराला चिकटून ठेवलेल्या नारळाची एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळी दिसत होती. गादी तीन फूट आत ओढली आणि दोन्ही बाजूंतला फरक निवळला. तरी सावलीची बाजू हिरवट वाटत होती. पाहिलं तर हॉलची पोपटी भिंत आपला रंग नारळावर टाकत होती. भिंत आणि गादीच्या मध्ये एक खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर पांढरी चादर टाकली. भिंत झाकली गेली आणि चादरीवरून परतलेला पांढरा उजेड सावलीत भरला. थर्माकोलचा तक्ताही चालतो, पण तो बाळावर कलंडू शकतो. खुर्ची जागची हलत नाही. फोटो काढणाऱ्यानेही लाल कुर्ता घालू नये, बाळाच्या गालावर तो उतरतो.

शेवटी घरातले सगळे दिवे बंद. ट्यूब चालू राहिली की अर्धा चेहरा आकाशाच्या रंगाचा आणि अर्धा ट्यूबच्या, आणि तो भेद नंतर दुरुस्त होत नाही. फ्लॅशही लागत नाही. त्याने डोळे जातात ही भीती खरी नसली तरी बाळ दचकतं, आणि इतक्या मेहनतीने मिळवलेली सावली एका क्षणात सपाट होते.

सामान घरातलंच

बहिणीने ऑनलाइन मुकुट, मोत्यांची पट्टी आणि पंख मागवायची तयारी केली होती. मी तिला कपाट उघडायला लावलं. आजीच्या हातची गोधडी निघाली, मऊ झालेलं सुती दुपटं, कुंची, टोपडं. नवजात बाळासाठी जुनं सुती कापड नव्यापेक्षा कितीतरी बरं. त्याची खळ गेलेली असते, ते टोचत नाही आणि फोटोत त्याची वीणही छान उठते. फक्त आदल्या दिवशी धुऊन उन्हात वाळवून घ्यावं, कारण कपाटातल्या डांबरगोळीचा वास बाळाच्या नाकाशी नको.

खणाची कुंची मात्र मी बाळाला घातली नाही. तिचे काठ कडक होते आणि जर टोचत होती. ती डोक्यामागे गादीवर पसरली, म्हणजे फोटोत दिसली आणि कातडीला लागली नाही. चांदीचे वाळे पायात होतेच, ते राहू दिले. मनगट्या मात्र काढल्या, कारण त्यातले काळे मणी जुन्या दोऱ्यात ओवलेले होते. दोरा तुटला तर मणी थेट तोंडात जातो. काजळाचं बोट आईने पुढे केलं तेव्हा तिला डोळ्यांत घालू दिलं नाही. काही काजळांत आणि सुरम्यात शिसं असतं, म्हणून डॉक्टरही नको म्हणतात. पावडरचा ढगही टाळला, ती श्वासातून आत जाते.

बाळाला सुपात ठेवून फोटो काढायची हौस बऱ्याच घरांत असते. सूप जमिनीवर असेल तर हरकत नाही. पण आधी आतून हात फिरवून बांबूची कुसळं तपासावीत, गोधडीची चौपदरी घडी घालावी, आणि सुपाची कड एकाने सतत धरावी. परातीत ठेवायचं तर खाली जाड कपडा हवाच, धातू गार असतो. काचेची बरणी, बादली, उंच टोपली, झोपाळा यांतलं काहीही नको. जे कलंडतं, फुटतं किंवा लोंबकळतं ते सामान आपलं नाही.

दुपट्यात गुंडाळण्याचीही एक रीत आहे. वरचा भाग छातीशी इतका सैल हवा की दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, आणि कापडाची कड मानेच्या वर येता कामा नये. पाय सरळ ताणून करकचून बांधू नयेत. बाळाचे गुडघे बेडकासारखे वाकलेले आणि मांड्या फाकलेल्या असतात, तशाच राहू द्याव्यात. पाय ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही. गाठ गळ्याखाली कधीच नाही. गुंडाळल्यावर पावलं पाहायची. ती लालसर-जांभळी झाली तर कापड घट्ट आहे.

मान, नाक आणि ऊब

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, जवळजवळ उंचीच्या चौथ्या हिश्शाइतकं, आणि ते सावरायला मानेत जोर नसतो. म्हणून डोक्याखाली उशी देऊन चेहरा "वर आणायचा" मोह आवरावा. हनुवटी छातीला टेकली की अरुंद श्वासनलिका दुमडते. बाळ रडत नाही, धडपडतही नाही, फक्त कमी श्वास घेत राहतं, आणि म्हणूनच ते बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हनुवटी आणि छातीमध्ये आपलं एक बोट मावलं पाहिजे. नाक कापडात रुतलेलं नको, कॅमेऱ्यातून दोन्ही नाकपुड्या दिसल्या पाहिजेत. ओठ निळसर वाटले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर फोटो सोडून डॉक्टर.

या कामासाठी आईला बाळाजवळ बसवलं. तिचं काम एकच, हात बाळापासून वीतभर अंतरावर ठेवायचा आणि नजर बाळावरून काढायची नाही. मोबाइलवर ती फोटो बघायला लागली की मी थांबायचे. इतकं लहान बाळ कुशीवर वळत नाही हे खरं, पण दचकलं की हातपाय झटकतं आणि सरकतं.

दुसरा धोका वरून येतो. बाळाच्या डोक्यावरून फोटो घेताना हातातला मोबाइल निसटला, तर पावशेराचं वजन चार फुटांवरून चेहऱ्यावर पडतं. म्हणून मोबाइलला दोरी लावून ती मनगटात, कॅमेरा असेल तर पट्टा गळ्यात. खुर्चीवर किंवा स्टुलावर चढून फोटो नाही. मी गुडघ्यांवर बसून, थोडं बाजूने झुकून काढते. हातातल्या अंगठ्या, घड्याळ आधीच काढून हात साबणाने धुतलेले. सर्दी असलेल्या भाच्याला मी गोड बोलून बाहेर पाठवलं. ओठावर ज्वराचा फोड आलेल्या माणसाने तर बाळाचा पापा घेऊच नये.

ऊब हा तिसरा विषय. नवजात बाळाला अंगातली उष्णता धरून ठेवता येत नाही. आपल्याला बिनपंख्याचं किंचित उबदार वाटेल अशी खोली, साधारण २६ अंश, त्याला ठीक वाटते. दार बंद, पंखा बंद. हात-पाय गार असणं नेहमीचंच, म्हणून त्यावरून अंदाज करू नये. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावावा. तिथे गार लागलं तर दुपटं गुंडाळा, घाम लागला तर काढा. गरम पाण्याची पिशवी गादीखाली ठेवू नये. तिने कातडी भाजते. पूर्ण उघडं बाळ मला फोटोपुरतंही दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको असतं, म्हणून झबलं आणि दुपट्यातच सगळे फोटो घेतले. बाळ दिवसाआधी जन्मलेलं, कमी वजनाचं असेल तर एवढंही करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट उजेडामुळेच कळते. खिडकीच्या उजेडात बाळाची कातडी पिवळी दिसू लागली, तर तो फोटोतला दोष समजून मोबाइलवर रंग दुरुस्त करत बसू नये. पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते. पण पिवळेपणा पोटावर, पायांवर, तळव्यांवर पोहोचला किंवा बाळ दूध प्यायला आळसावलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. पिवळं कापड चेहऱ्याजवळ असेल तर ते आधी काढून पाहावं.

एकोणीस मिनिटं

पावणेअकराला बहिणीने पाजलं, ढेकर काढली, मांडीवर अर्धा तास झोपू दिलं. मग दुपट्यासकट उचलून नारळाच्या जागी ठेवलं. डोकं दहावर, पाय चारावर. मी मोबाइलचा आवाज बंद केला आणि लेन्स पुसली. घरात धुरी आणि तेलाचे हात सगळीकडे असतात, निम्मे धूसर फोटो तिथूनच येतात.

मोबाइल चेहऱ्याशी नेला तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. म्हणून दोन-अडीच फूट मागे राहून 2x वर घेतलं. स्क्रीनवर बाळाच्या पापणीवर बोट दाबून ठेवलं, AE/AF LOCK ही अक्षरं आली, मग बोट किंचित खाली ओढून उजेड कमी केला. दुपट्याची वीण दिसायला लागली की बरोबर. पांढरं कापड नुसतं पांढरं फटफटीत दिसत असेल, तर गालही तितकाच जळालेला असतो.

पहिला फोटो बाजूने, नाक-ओठांची रेघ. दुसरा माथ्याच्या बाजूने झुकून, म्हणजे पापण्या आणि कपाळ. तिसरा पावलांचा, वाळ्यांसकट. पहिल्या आठवड्यात सुटलेली कातडी टाचेवर अजून होती, ती मी पुसून काढली नाही. चौथ्यासाठी दाराकडे पाठ करून उभी राहिले आणि माझीच सावली बाळावर पडली, म्हणून दोन पावलं सरकले. पाचव्या वेळी आजीचं बोट तिने पकडलं आणि तो हातही फोटोत घेतला. बाळ एकदाही उचललं नाही, कुशीवर वळवलं नाही. एकोणीस मिनिटांनी ओठ चोखायला लागलं आणि आम्ही थांबलो. झोपवताना कुंची, गोधडी, सगळं काढलं. पाठीवर, सपाट गादीवर, डोक्याशी काही नाही.

बाळाच्या हाताला दवाखान्याची पट्टी अजून होती. तिच्यावर बहिणीचं नाव आणि नोंदीचा क्रमांक होता, म्हणून फोटो नातलगांना पाठवण्याआधी तेवढा भाग कापला.

संध्याकाळी बहीण माझ्या मोबाइलवर फोटो बघत होती. बाळाच्या फोटोंआधी तिला एकोणतीस नारळ लागले. दाराला चिकटलेला, हिरवट झालेला, पायांकडून उजेड आलेला भुताचा नारळ, आणि शेवटचा, ज्याची शेंडीची सावली मऊ आणि तिरपी होती. "हा चांगला आलाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी बारशाला त्याच नारळाने आईने तिची ओटी भरली.